एकतीस कलमांचा ई-मेल

कल्याणराव आमच्या कारखान्यात फायनान्स मॅनेजर होते. पाटीवर तसं इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण गाव त्यांना हिशेबनीसच म्हणायचं आणि त्यांनाही ते चालायचं. अंबाजोगाईच्या मोंढ्यातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात शर्टाच्या आत इष्टलिंग, आणि खिशाला कायम दोन पेनं. बोलणं कमी. पण एकदा बोलले की त्यात फिरवाफिरवी नसे. वडिलांच्या दुकानात घासाघीस चालत नव्हती म्हणे. भाव एकदा सांगायचा आणि त्याच भावात माल द्यायचा. ती सवय पोराच्या हाडात उतरली होती.

मी अंजना. त्या वेळी संगणक विभागात होते, आणि विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि सतत धूळ खाणारा प्रिंटर. माजलगावच्या पुढे, सिंदफणेच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या पट्ट्यातला आमचा कारखाना. नाव सांगत नाही. तिथली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि मला भांडणाची हौस असली तरी वेळ नाही.

गोष्ट दोन हजार दोन सालची. पण तिचं मूळ तीन हंगाम मागं आहे.

तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं आमच्याकडे ई-आर-पी बसवलं होतं. म्हणजे ऊस नोंदीपासून वजनकाट्यापर्यंत, स्टोअरपासून पगारापर्यंत सगळी खाती एकाच संगणक-यंत्रणेत. किंमत ठरली होती माणूस-दिवसावर: त्यांचा माणूस जितके दिवस काम करील तितक्या दिवसांचं बिल. चार महिन्यांचं काम तेरा महिने चाललं. आणि गळीत हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात काट्यावरचा संगणक असा काही बसला की बैलगाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. बैल उन्हात उभे, तोडणीवाल्या बाया गाडीखाली पोरं घेऊन बसलेल्या. मी त्या दिवशी रडले होते, हे कबूल करते. यंत्रणा बसवून घ्यायचं काम कल्याणरावांकडे होतं, म्हणून लोक तिला 'कल्याणरावाचा डबा' म्हणायला लागले.

रांगेपेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती.

आमच्याकडे ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो. एखाद्याचं छोटं रान संपतं आणि एकच ट्रॉली भरते, मग तोडणीची टोळी दुसरी ट्रॉली शेजारच्या रानातून भरते. म्हणजे एकाच खेपेत दोन शेतकऱ्यांचा ऊस. काट्यावरचा धुळाजी अशा वेळी दोन्ही ट्रॉल्या सोडून वेगवेगळ्या तोलायचा आणि दोन पावत्या फाडायचा. तीस वर्षं त्याचा हाच शिरस्ता होता. पुण्याच्या यंत्रणेला मात्र हे ठाऊकच नव्हतं. एक वाहन, एक खेप, एक पावती. घाईगर्दीत वरून हुकूम निघाला की दोन शेतकरी असतील तर वजन निम्मं-निम्मं करा.

सरस्वतीबाई नावाची बाई होती. नवरा शहादेव वारलेला, अर्धा एकर ऊस. ती बिल घेऊन कचेरीत आली. कल्याणरावांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, माझी ट्राली शिगोशीग भरलेली व्हती. शेजाऱ्याची निम्मी बी नव्हती. मंग दोघाला सारखं कावून?"

कल्याणरावांनी त्या खेपेची नोंद काढून पाहिली. काट्यावर वेगळं वजनच घेतलं नव्हतं, तर दुरुस्त काय करणार? त्या बिलावर सही त्यांचीच होती. बाई गेली.

तर दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत त्याच पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. तुमची आवृत्ती जुनी झाली, पुढच्या वर्षापासून तिची देखभाल बंद, नवी आवृत्ती घ्या. एम.डी. साहेबांनी कल्याणरावांना बोलावलं. मी कागद घेऊन सोबत होते.

"कल्याणराव, मागच्यासारखं झालं तर मला संचालक मंडळ ठेवणार न्हाई," एम.डी. म्हणाले. "पुण्याहून एखादा जाणकार माणूस आणावा म्हणतो तुमच्या जागी. तुमी जमाखर्च बघा."

"साहेब," कल्याणराव म्हणाले, "या येळी मी बघतो. मोळी टाकून हंगाम सुरू करायच्या दिवशी पहिल्या गाडीची पावती नव्या यंत्रणेतनं बरोबर निघाली न्हाई, तर त्याच दिवशी माझा राजीनामा घ्या."

मला वाटलं हे बोलायच्या भरात बोलले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून राजीनामा टाईप करून घेतला, तारखेची जागा मोकळी सोडून. बावन्न वर्षांचा माणूस, पेन्शन नाही, मुलगी शिवांजली अंबाजोगाईला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात. मी रागावून म्हणाले, "साहेब, शांतादेवी काकूंना विचारलंत का?"

"तिलाच आधी विचारलं. ती म्हनली, द्या लिहून, पण मग काम नीट करा."

हंगामाचे शेवटचे बारा दिवस कल्याणराव कचेरीत दिसलेच नाहीत. काट्याजवळ एक लाकडी स्टूल टाकून, लांबट वही मांडीवर घेऊन बसले. संचालकांचे फोन आले की मी सांगायचे, साहेब काट्यावर आहेत. त्यांना ते खोटं वाटायचं. सरळ गाडी आली की हे काही लिहीत नसत. धुळाजीच्या कपाळाला आठी पडली की वही उघडत.

"काय झालं, धुळाजी?"

"काय न्हाई साहेब, गाडी भरून आली अन् काटा करायच्या आधीच चाक मोडलं. आता दुसऱ्या गाडीत भरायचं. गेटावर मिळालेलं टोकन पयलीचं, गाडी दुसरी."

"मंग तुमी काय करता?"

"करतो बराबर. पर ते डब्यात बसत न्हाई."

अशा डब्यात न बसणाऱ्या एकतीस गोष्टी त्या वहीत जमल्या. रिकामी गाडी तोलायची राहून गेली तर काय. एकाच नावाचे दोन शेतकरी एकाच गावात असले तर काय. रात्रपाळी बदलताना गाडी आत उभी असली तर ती कुठल्या दिवसात धरायची. आणि सतराव्या क्रमांकाला, दोन रेघा ओढून: एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, दोन शेतकरी, दोन वजनं, दोन पावत्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कारखाना थंड झाल्यावर, आम्ही ई-मेल लिहायला बसलो. कारखान्याचा तो पहिलाच ई-मेल. खातं फुकटातलं, मी उघडलेलं. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम किंचाळत जोडला जायचा आणि कुणी एक्स्टेंशन उचललं की तुटायचा. कल्याणराव मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत बडवायचे. तीन दिवस लागले. मजकूर साधारण असा होता:

'आम्हाला चालू आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जायचे आहे. त्यासाठी एकच ठरीव किंमत कळवावी. माणूस-दिवसाचा दर नको. किमतीत परवाने, जुन्या तीन हंगामांची माहिती नव्या यंत्रणेत आणणे, बावीस कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, तुमच्या माणसांचा प्रवास व मुक्काम आणि हंगामातील पहिल्या तीन महिन्यांची देखभाल धरावी. कर वेगळे दाखवावेत. सोबत एकतीस प्रसंगांची यादी आहे. प्रत्येक प्रसंगापुढे "समाविष्ट" किंवा "समाविष्ट नाही" असे लिहावे. जे समाविष्ट नाही त्याची किंमत आत्ताच सांगावी, नंतर नाही. कामाचे टप्पे व तारखा द्याव्यात. दहा ऑक्टोबरपर्यंत आमच्या काट्यावर, आमच्या माणसांच्या हातून चाचणी पूर्ण व्हावी. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतील. शेवटचा चौथा हिस्सा कारखाना नव्या यंत्रणेवर वीस दिवस बिनतक्रार चालल्यावर. उशीर झाल्यास दर दिवसाला कपात. तुम्ही जे गृहीत धरता तेही लिहावे. उत्तर पंधरा दिवसांत यावे.'

"साहेब, एवढं कडक?" मी विचारलं.

"अंजनाताई, मुकादमाला सगळी उचल आषाढातच दिली तर कार्तिकात टोळी येती का?" ते म्हणाले. आमच्या भागात हे कुणाला समजवावं लागत नाही. टोळीच्या मुकादमाला हंगामाआधी पैसे देतात त्याला उचल म्हणतात, आणि उचल घेऊन गायब झालेले मुकादम शोधायला आमची जीप दरवर्षी जिल्हा पालथा घालायची.

पाठवायच्या आधी आणखी एक अडथळा. जावक क्रमांकाशिवाय कारखान्याबाहेर कागद जात नसे, आणि जावक रजिस्टर होतं राधाकिशनकडे. हा नियमांचा इतका पक्का की स्वतःच्या रजेच्या अर्जावरही स्वतःच शिक्का मारून स्वतःला पोच द्यायचा. त्यानं ई-मेलची छापील प्रत मागून घेतली, क्रमांक टाकला, आणि पेन थांबवून विचारलं, "टपाल खर्चाच्या रकान्यात काय लिवू?"

"काही लागत नाही," मी म्हणाले.

"असं कसं? पत्र पुण्याला चाललंय ना?" शेवटी त्यानं त्या रकान्यात 'तारेने' असं लिहिलं आणि त्याचं समाधान झालं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी: दर माणूस-दिवसाला इतका, अंदाजे दोनशे दिवस, बाकी समक्ष बोलू. कल्याणरावांनी माझ्याकडून एकच ओळ टाईप करून घेतली: 'आमच्या पत्रातील एकतीस प्रसंगांपुढे उत्तर लिहावे.' आणखी आठ दिवस शांतता. मग फोन. पलीकडे कंपनीचे प्रकल्पप्रमुख अमरनाथ. स्पीकरवर होते म्हणून मलाही ऐकू आलं.

"कल्याणराव, अशी यादी घेऊन ठरीव किंमत कुणीच देत नाही हो. आम्ही तुमचा काटा पाहिलेलासुद्धा नाही."

"मंग या की बघायला. मागच्या खेपेला तुमच्या माणसांनी कचेरीत बसून, काटा न बघताच बसवलं होतं, तेवढंच चुकलं."

मला खुर्चीतून उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

अमरनाथ आले. हंगाम संपलेला, यार्डात वाळलेल्या पाचटाशिवाय काही नाही. पण कल्याणरावांनी धुळाजीला सांगून ठेवलं होतं. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, एक बैलगाडी, एक मोडकं चाक, सगळं हजर. उसाच्या जागी भुशाची पोती. धुळाजीनं एकतीसच्या एकतीस प्रसंग करून दाखवले, आणि चाक मोडल्याचा तर असा काही केला की बैलगाडीवाला अजिनाथ खरोखरच शिव्या द्यायला लागला. अमरनाथ दोन दिवस उन्हात वही घेऊन फिरले. जाताना म्हणाले, "आम्हाला हे आजवर कुणी दाखवलंच नव्हतं."

मेच्या मध्यावर ई-मेल आला. अकरा लाख चाळीस हजार, ठरीव. अठरा आठवडे, एक जूनपासून. खाली आमचा सगळा मजकूर जसाच्या तसा, आणि प्रत्येक प्रसंगापुढे उत्तर. अठ्ठावीस समाविष्ट, तीन समाविष्ट नाहीत. त्या तिन्हींची कामं धुळाजी हातानं करू शकत होता, ती आम्ही सोडून दिली. सतरावं: समाविष्ट. एम.डी. साहेबांनी किंमत दोनदा वाचली आणि म्हणाले, "मागच्या बिलाच्या निम्म्यात?" राधाकिशननं आवक क्रमांक टाकला.

पावसाळा बरा गेला. माहिती हलवली, माणसं शिकली. साठीतला धुळाजी माऊस धरायला शिकला आणि दोन दिवस कुणाला हात लावू देईना. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मलाच भीती वाटत होती.

तेवीस सप्टेंबरला काट्यावर चाचणी झाली. सोळा प्रसंग पार पडले आणि सतराव्याला पडदा लाल झाला. 'या वाहनाची खेप आधीच नोंदली आहे.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. आलेल्या पोरसवदा प्रोग्रामरनं पुण्याला फोन लावला. संध्याकाळी कंपनीचा ई-मेल हजर: हा मूळ रचनेतला बदल आहे, वाढीव काम धरावे लागेल, एक लाख ऐंशी हजार आणि सात आठवडे.

सात आठवडे म्हणजे मोळीच्या पुढं. कल्याणरावांचा चेहरा पांढरा पडला, हे मी पाहिलं. पण आवाज चढला नाही. त्यांनी मला मेमध्ये आलेला ई-मेल उघडायला लावला आणि अमरनाथना फोन लावला.

"अमरनाथ साहेब, तुमचंच पत्र तुमच्यासमोर उघडा. सतरावं कलम. माझ्या ओळीपुढं तुमी काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवा."

स्पीकरवर कळफलकाची टकटक ऐकू आली. मग अमरनाथ म्हणाले, "समाविष्ट."

"मला एक पैसा कमी-जास्त नको. मला कपात बी करायची न्हाई. मला दहा तारखेपर्यंत दोन पावत्या पाहिजेत. एक बाई हाय, तिला मी तीन वर्षं उत्तर देणं लागतो."

मग त्यांनी सरस्वतीबाईची हकिगत सांगितली, पाच वाक्यांत. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अमरनाथ ऐकून घेऊन म्हणाले, "मी स्वतः येतो."

आले, दोन प्रोग्रामर घेऊन. कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर राहिले, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि नऊ दिवसांत एका खेपेच्या पोटात दोन शेतकऱ्यांची दोन टोकनं बसवली. तीन ऑक्टोबरला सतरावं पार पडलं. सात तारखेला सगळी चाचणी पूर्ण. धुळाजीनं चाचणीच्या कागदावर सही केली आणि खाली स्वतःहून लिहिलं, 'बराबर हाय.'

तरी चाचणी वेगळी आणि भरलं यार्ड वेगळं. दिवाळी झाली. मोळीच्या आदल्या दिवशी कल्याणरावांनी राजीनाम्यावर तारीख घातली आणि राधाकिशनकडे जाऊन त्यावर जावक क्रमांक टाकायला लावला. "उद्या गडबड असंल," म्हणाले, "आजच नोंद करून ठेवा." मी राधाकिशनकडे रागानं पाहिलं. त्यानं मान खाली घालून रजिस्टर ओढलं.

रिवाज असा की पहिली गाडी सजवलेल्या बैलांची. शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि तिच्याशेजारी उभं राहून चेअरमन साहेबांचा फोटो. कल्याणराव एम.डी. साहेबांना म्हणाले, "बैलगाडीची पूजा आधी करा, फोटो काढा. पण काट्यावर पहिला नंबर मी सांगतो त्या ट्रॅक्टरचा. सोपी गाडी नको."

तो ट्रॅक्टर मी गेटातून येताना पाहिला आणि समजले. पुढच्या ट्रॉलीत राजेगावकडच्या एका शेतकऱ्याचा ऊस, मागच्या ट्रॉलीत सरस्वतीबाईचा खोडव्याचा ऊस. त्या सकाळच्या तोडणी कार्यक्रमात दोन्ही रानं शेजारी-शेजारी लागली होती. आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर डोक्यावर पदर घेतलेली सरस्वतीबाई स्वतः. या वेळी ती उसाबरोबर आली होती.

धुळाजीनं ट्रॉल्या सोडवल्या, एकेक तोलली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पण भरलेलं वजन म्हणजे काही ऊस नव्हे. ट्रॉली रिकामी होऊन पुन्हा तोलल्याशिवाय पावती निघत नाही. ट्रॅक्टर आत गेला. ऊस ओतायच्या गव्हाणीपाशी मंत्र झाले, चेअरमन साहेबांनी मोळी टाकली, भोंगा वाजला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. कल्याणरावांनी पेढा हातात धरून ठेवला तो तसाच. सव्वा तास ते काट्याच्या खिडकीला हात लावून उभे होते आणि मी त्यांच्या मागे.

रिकाम्या ट्रॉल्या आल्या. एक तोलली. दुसरी तोलली. धुळाजीनं माऊस पुढं सरकवून बोट टेकवलं आणि त्या दिवसासाठी काट्यावर हलवलेला माझा तो धूळखाऊ प्रिंटर, जो आयुष्यात कधी पहिल्या झटक्यात चालला नव्हता, खरखरला. एक पावती. मग दुसरी.

धुळाजीनं दुसरी फाडली आणि खिडकीतून वाचली. "सरस्वतीबाई शहादेव. निव्वळ वजन आठ टन सातशे वीस."

"अन् पुढची?" बाईनं विचारलं.

"सहा टन शंभर."

बाईनं पावती हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग कल्याणरावांकडे वळली. "मी म्हनले व्हते ना साहेब? माझी ट्राली शिगोशीग असती."

"व्हय बाई," कल्याणराव म्हणाले. "तुमी म्हनल्या व्हत्या. तवाच ऐकायला पायजे व्हतं." आणि त्यांनी हातातला पेढा तिला दिला.

मागून एम.डी. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, धुळाजीनं काट्याची घंटा वाजवली, अमरनाथ तर लहान मुलासारखे दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स मागायला लागले. मी रडले, पण या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. बाहेर गाड्या एकामागून एक काट्यावर चढत होत्या आणि रांग गेटाच्या आतच संपत होती.

दुपारी कल्याणराव राधाकिशनच्या टेबलाशी गेले. म्हणाले, "ते कालचं रद्द करा. लाल शाईनं, नियमाप्रमाणं."

राधाकिशननं रजिस्टर उघडलं. बावीस वर्षांत ज्यानं टाचणीसुद्धा नोंदीशिवाय दिली नव्हती, त्या माणसानं टेबलाचा खण उघडून त्यातून खोडरबर काढलं.

"लाल शाई कशाला?" तो म्हणाला. "म्या पेन्शिलीनंच लिवलं व्हतं."